आठ खाटांचे रुग्णालय आणि पॉलिसीतल्या तीन व्याख्या

आरोग्य विम्याचा क्लेम नाकारला गेला की घरात पहिला प्रश्न येतो तो हा आजार पॉलिसीत बसतो का, याचा. पण आजाराबद्दल कुणाचाच वाद नसतानाही क्लेम अडतो. तो अडतो पॉलिसीच्या सुरुवातीच्या, सहसा न वाचल्या जाणाऱ्या पानांवर. रुग्णालय कशाला म्हणायचे, कोणते उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आणि कोणता आकार वाजवी, हे तिथे ठरवलेले असते. पूर्वी प्रत्येक कंपनीची व्याख्या निराळी असे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, २०१३ साली या व्याख्या प्रमाणित केल्या. त्यामुळे आज बहुतेक पॉलिसींत त्या जवळपास शब्दशः सारख्याच सापडतात. एका काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीच्या क्लेममधून त्या वाचून पाहू.

तालुक्याच्या गावी आठ खाटांचे एक रुग्णालय आहे. तिथे डेंगी झालेला एक मधुमेही गृहस्थ चार दिवस दाखल होता. खोली व शुश्रूषा १४,००० रुपये, डॉक्टरांच्या आठ भेटी ८,०००, तपासण्या ९,००० आणि औषधे-सलाईन ११,००० असे एकूण ४२,००० रुपयांचे बिल झाले. कंपनीचे पत्र आले: ‘दहापेक्षा कमी खाटा असल्याने हे व्याख्येतील रुग्णालय नव्हे.’

खाटांची अट खरी आहे. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान दहा आणि इतरत्र किमान पंधरा खाटा हव्यात. शिवाय चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास डॉक्टर, स्वतःचे सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी हव्यात. पण ही यादी व्याख्येचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध सांगतो की २०१० च्या केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली, किंवा त्या कायद्याच्या कलम ५६(१) च्या परिशिष्टात दिलेल्या कायद्याखाली नोंदलेली संस्था म्हणजे रुग्णालय. या दोन भागांना जोडणारा शब्द ‘किंवा’ आहे. पहिली अट पुरी झाली की दुसऱ्या यादीकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

महाराष्ट्रातल्या रुग्णाचा खरा आधार त्या परिशिष्टात आहे. आपल्या राज्यात केंद्रीय कायदा नव्हे, तर १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो आणि परिशिष्टात त्याचे नाव आहे. म्हणून त्याखाली रीतसर नोंदलेले आठ खाटांचे रुग्णालय व्याख्येत बसते. त्याला शस्त्रक्रियागृह नसले, तरी केवळ तेवढ्यावरून ते बाहेर पडत नाही. नोंदणी मात्र दाखल होण्याच्या दिवशी चालू असली पाहिजे. ती संपलेली असेल, तर खाटांची यादी पुन्हा लागू होते आणि कंपनीचे पत्र बरोबर ठरते. आपल्या गृहस्थांनी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडून उत्तर पाठवले.

मग दुसरे पत्र आले: ‘रुग्णाचा ताप उतरला होता, नाडी व रक्तदाब ठीक होते. बाह्यरुग्ण विभागात उपचार शक्य होते. दाखल होणे आवश्यक नव्हते.’

आवश्यकतेच्या व्याख्येला चार पाय आहेत. उपचार त्या आजारासाठी लागणारा हवा, डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा आणि मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवा. चौथा पाय सगळ्यात नाजूक आहे: सुरक्षित आणि पुरेशा उपचाराला जेवढे लागते, त्यापेक्षा उपचाराची व्याप्ती, मुदत किंवा तीव्रता जास्त नको. वाद जवळजवळ नेहमी याच पायावर होतो. तो सोडवायचा तर त्या आजाराची चाल माहीत हवी.

डेंगीत ताप उतरणे म्हणजे धोका टळणे नव्हे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो, तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा काळ सुरू होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत धोक्याची लक्षणे दिली आहेत: पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, ग्लानी, आणि प्लेटलेट झपाट्याने घटत असताना हिमॅटोक्रिट वाढणे. मधुमेहासारखा जोडआजार असला, तर धोक्याची लक्षणे नसतानाही दाखल करण्याचा विचार करावा, असेही त्यात आहे. म्हणजे कंपनीने जे कारण क्लेमविरुद्ध दिले, त्याच वेळी रुग्णावर लक्ष ठेवणे जास्त गरजेचे होते.

पण हे सिद्ध कशाने करायचे? डिस्चार्ज कार्डावर बहुधा दोन-चार ओळी असतात. पुरावा असतो इनडोअर केस पेपरात. रोजचे हिमॅटोक्रिट, किती सलाईन दिले, लघवी किती झाली, उलट्यांची नोंद, परिचारिकेचा तक्ता, हे सगळे तिथे असते. त्यात फक्त पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि रोजची एक रक्ततपासणी दिसली, तर कंपनीची बाजू भक्कम होते. केवळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च पॉलिसी वगळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ‘दाखल का केले’ याचे कारणासहित पत्र घेतले, तर या नोंदींना अर्थ येतो. काय उपचार द्यायचा हे डॉक्टरच ठरवणार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिवकांत झा प्रकरणात म्हटले. मात्र तो वाद निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याच्या खर्चाच्या परताव्याचा होता. पॉलिसीच्या करारात तो निकाल मदतीला घेता येतो, पण केस पेपरची जागा घेत नाही.

आणखी एक मुद्दा आहे. नकाराच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर पुढे आणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सांगितले. पहिल्या पत्रात फक्त खाटा होत्या, आवश्यकतेचा शब्दही नव्हता. हा आक्षेप उत्तरात स्पष्ट नोंदवायला हवा.

शेवटी क्लेम मंजूर झाला, पण ३८,००० रुपयांचा. डॉक्टरांची भेट हजारऐवजी पाचशे रुपये धरून ४,००० कापले. कारण एका ओळीचे होते: ‘वाजवी व प्रचलित आकारापेक्षा जास्त.’

या व्याख्येत दोन कसोट्या आहेत. आकार त्या रुग्णालयाचा नेहमीचा दर हवा, आणि आजाराचे स्वरूप पाहता त्या परिसरात तशाच सेवेला चालणाऱ्या दरांशी जुळणारा हवा. पहिली कसोटी रुग्णाला सिद्ध करता येते. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार शुश्रूषागृहांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. भेटीचा दर त्यावर असेल, तर त्याचा फोटो पुरतो. दुसऱ्या कसोटीसाठी तुलना लागते, आणि कपात कंपनीने केली आहे, तेव्हा तुलनाही तिनेच दाखवली पाहिजे. म्हणून लेखी विचारावे: कोणत्या परिसरातली, कोणती रुग्णालये पाहिली आणि त्यांचे दर काय होते? मोठ्या शहरातल्या करारबद्ध रुग्णालयांचा सवलतीचा दर म्हणजे तालुक्याच्या गावातला प्रचलित दर नव्हे. मात्र आजूबाजूच्या चारही रुग्णालयांत पाचशेच रुपये घेत असतील, तर कपात टिकेल. ती रक्कम रुग्णालयाशी बोलून कमी करून घ्यावी.

इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम पुरा किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट सांगणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

तेव्हा रुग्णालय सोडण्यापूर्वी तीन कागद मागून घ्या: नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, पूर्ण इनडोअर केस पेपर आणि दरपत्रक. केस पेपर मागितल्यापासून ७२ तासांत देणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच लिहिलेले आहे. नकाराचे पत्र आले, तर ते पॉलिसीतल्या व्याख्येशेजारी ठेवून शब्दन् शब्द जुळवून पाहा, आणि जो शब्द जुळत नाही त्यावरच उत्तर लिहा.