मर्ज झाल्यावर इतिहासात काय उरतं?

सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी थोडं काम झालं की गिटमध्ये त्याची नोंद करतात. तिला म्हणतात कमिट. प्रत्येक कमिटला ओळख क्रमांक असतो आणि आधीची कमिट कोणती हेही तिच्यात लिहिलेलं असतं. नवं काम वेगळ्या ब्रँचवर होतं. ते तपासून मुख्य ब्रँचमध्ये घ्या, अशी विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट. ती बंद करताना गिटहब तीन पर्याय देतं. सहसा तिन्हींतून शेवटी हाती येणारा कोड तोच असतो, इतिहास मात्र वेगळा होतो.

समजा, बिलिंगच्या ब्रँचवर चार कमिट आहेत. पहिलीत रकमा रुपयांऐवजी पैशांत साठवल्या, दुसरीत जीएसटी पूर्णांकात आणायचा नियम बदलला, तिसरीत स्पेलिंग सुधारलं, चौथीत राहिलेली टेस्ट घातली.

मर्ज कमिट निवडली तर चारही जशाच्या तशा राहतात आणि दोन्ही ब्रँच जोडणारी पाचवी कमिट तयार होते. रीबेसमध्ये चारही मुख्य ब्रँचच्या टोकावर नव्या क्रमांकांनी पुन्हा लिहिल्या जातात. रेघ सरळ दिसते, पण त्या एकत्र आल्याची खूण इतिहासात उरत नाही. स्क्वॉशमध्ये चौघींची मिळून एकच कमिट होते.

फरक कळतो तो काही महिन्यांनी, बिलात एक पैसा कमी येऊ लागल्यावर. `git bisect` जुन्या कमिट अर्ध्या-अर्ध्या करत तपासतं आणि चूक कुठे शिरली ते शोधतं. रीबेस किंवा मर्ज केलं असेल तर बोट थेट जीएसटीच्या कमिटवर येतं. स्क्वॉश केलं असेल तर चारही बदलांच्या गठ्ठ्यावर येऊन थांबतं. पुढचं आपण वाचून काढायचं. मात्र मधली एखादी कमिट चालतच नसेल, तर `bisect` तिथे अडतं. म्हणून प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे चालत असेल तरच रीबेस करावं, असं माझं ठाम मत आहे.

सगळंच मागे घ्यायचं असेल तेव्हा स्क्वॉश सोयीचं, कारण एकच कमिट उलटवायची असते. रीबेसनंतर चारही उलटवाव्या लागतात. मर्ज कमिटला मुख्य बाजू कोणती ते सांगावं लागतं:

```
git revert -m 1 <commit>
```

रोजच्या छोट्या कामांना मी स्क्वॉशच सुचवेन. ‘स्पेलिंग सुधारलं’सारख्या नोंदी जपून कोणाचं भलं होत नाही. मोठं काम विचारपूर्वक टप्प्यांत मांडलं असेल तर मर्ज कमिट करावी.

स्क्वॉशनंतर त्याच ब्रँचवर काम चालू ठेवलं, तर जुन्या चार कमिट मुख्य ब्रँचमध्ये पोचल्यात हे गिटला ठाऊक नसतं. पुढच्या पुल रिक्वेस्टमध्ये त्या पुन्हा दिसतात आणि त्याच ओळींवर नवे बदल झाले असतील तर कॉन्फ्लिक्टही येतात. म्हणून स्क्वॉश झालं की ती ब्रँच काढून टाकावी आणि पुढचं काम ताज्या मुख्य ब्रँचवरून नवी ब्रँच काढून करावं.