गल्लीचे नाव, बागेचे नाव

वसाहतीतल्या गल्लीला किंवा बागेला नाव देण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न 'नाव काय द्यायचे' हा नसून 'जागा कोणाची' हा असतो. तो सुटण्याआधी नावांची चर्चा सुरू झाली, तर पुढचे वाद जवळजवळ ठरलेलेच असतात. प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत गल्ल्या आणि मोकळी जागा मंजूर नकाशावर दाखवलेल्या असतात. महाराष्ट्राच्या सध्याच्या एकात्मिक नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात साधारण 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पुढे तिथेच बाग होते. ही जागा बहुधा प्लॉटधारकांची किंवा त्यांच्या सोसायटीची सामाईक असते. तिचे नाव सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ठरवता येते. रस्ता किंवा बाग महापालिकेच्या ताब्यात गेलेली असेल, तर रहिवाशांची सभा फक्त मागणी करू शकते. नाव तेव्हाच अधिकृत होते, जेव्हा महापालिकेची सभा किंवा त्यासाठी नेमलेली समिती ते मंजूर करते. पुण्यात या कामासाठी महापालिकेची स्वतंत्र नाव समितीच आहे. गावात हाच विषय ग्रामपंचायतीकडे आणि ग्रामसभेपुढे जातो.

मालकीनंतर पाहायचे ते तोंडी असलेले नाव. नाव नसलेली गल्ली अशी फारशी सापडत नाही. टाकीजवळची, पिठाच्या गिरणीची, चिंचेखालची, असे काहीतरी लोक म्हणतच असतात. मुंबईच्या भायखळ्याची बाग 1862 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावाने खुली झाली आणि नंतर ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली. तरी आजही अनेक मुंबईकरांच्या बोलण्यात ती राणीची बागच आहे. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात मुलांना घेऊन जाणारे 'म्हातारीच्या बुटाला जाऊ' म्हणतात. लोकांच्या जिभेवर बसलेल्या नावाशी झगडण्यापेक्षा त्यालाच कागदावर आणणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण त्या नावावर लोकांचे एकमत आधीच झालेले असते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तोंडी नाव जातीवरून पडलेले असेल, तर ते टिकवण्याचे कारण नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला आपला पत्ता सांगताना जात सांगावी लागते. तिथे बहुमताचा प्रश्नच येत नाही.

सर्वांत जास्त भांडणे व्यक्तींच्या नावांवरून होतात. झाडाच्या नावाला विरोध झाला तर तो झाडाला होतो. थोर व्यक्तीच्या नावाला विरोध झाला की तो त्या व्यक्तीचा आणि तिला मानणाऱ्यांचा अपमान समजला जातो. म्हणून एकदा सुचवलेले नाव मागे घेणे अवघड होऊन बसते. रातोरात लावलेल्या फलकाची ताकदही यातच असते. मंजुरी नसली तरी तो काढायला कोणी धजत नाही. एखाद्या दिवंगत रहिवाशाचे नाव सुचवले गेले, तर शेजारच्या घरातून 'मग आमच्या आजोबांचे का नाही?' असा प्रश्न येतो आणि तो रास्तही असतो. यावर उपाय एकच: नावे मागवण्यापूर्वी नियम ठरवायचे आणि ते सभेत मंजूर करून इतिवृत्तात लिहायचे. हयात व्यक्तीचे नाव नको, शहरात आधीच असलेले नाव नको, राजकीय पक्षाशी जोडलेले नाव नको, बोलायला सोपे आणि दोन-तीन शब्दांत संपणारे नाव हवे, एवढे चार नियमही पुरतात. नावे पुढे आल्यावर केलेला नियम कोणाला तरी वगळण्यासाठीच केला आहे असे दिसते, आणि तसे दिसणे पुरेसे वाईट असते.

यातला शहरात आधीच असलेल्या नावाचा नियम किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. एका शहरात एकाच नावाच्या तीन-चार गल्ल्या असतील, तर रात्री बोलावलेली रुग्णवाहिका भलत्याच ठिकाणी जाऊन उभी राहते. गावांची नावे बदलण्याबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाने 1953 मध्ये राज्यांना दिलेल्या सूचनांतही एकसारख्या नावांचा गोंधळ टाळावा आणि केवळ आदर दाखवण्यासाठी राष्ट्रीय नेत्यांची नावे देऊ नयेत, असे म्हटले होते.

आता मतदान. एका घराला एक मत आणि सर्वाधिक मते मिळवणारे नाव पक्के, ही नेहमीची रीत नावाच्या बाबतीत घातक ठरते. उदाहरणादाखल 96 घरांची एक वसाहत घेऊ. बागेसाठी नियमांत बसणारी तीन नावे उरली आहेत: एका समाजसुधारकाचे, एका संताचे आणि बागेतल्या जुन्या बकुळीवरून 'बकुळबाग'. नेहमीच्या मतदानात अनुक्रमे 38, 33 आणि 25 मते पडली. सुधारकाचे नाव जिंकले, पण 58 घरांनी ते मागितलेलेच नव्हते आणि संताच्या नावाची बाजू हरल्याची खंत आता कायमची राहणार.

त्याच घरांना वेगळी चिठ्ठी देता येते. प्रत्येक नावापुढे 'चालेल' आणि 'नको' असे दोन चौकोन छापायचे. कितीही नावांना 'चालेल' म्हणता येते आणि दोन्ही चौकोन रिकामे सोडण्याचीही मुभा असते. आता सुधारकाच्या नावाला 41 घरे 'चालेल' म्हणतात आणि 35 'नको'. संताच्या नावाला 37 आणि 29. बकुळबागेला 71 घरे 'चालेल' म्हणतात आणि 'नको' म्हणणारी फक्त 6 निघतात. पहिल्या पद्धतीत शेवटी आलेले नाव इथे सर्वांत पुढे आले, कारण पुष्कळांची ती पहिली पसंती नसली तरी कोणाला ते खुपत नव्हते. वसाहतीला अशाच नावाची गरज असते. 'नको' हा आकडा मात्र सभेत मोठ्याने वाचला पाहिजे. एक तृतीयांश घरे 'नको' म्हणत असतील, तर ते नाव 'चालेल'मध्ये पुढे असूनही बाजूला ठेवावे, हाही नियम आधीच लिहून ठेवलेला बरा. भाडेकरूंना मत द्यायचे की नाही, हे चिठ्ठ्या वाटण्यापूर्वीच ठरवावे.

कोणतेच नाव टिकले नाही तर क्रमांक देणे हा कमीपणा नाही. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीवरून नाव पडलेल्या प्रभात रस्त्याच्या गल्ल्या क्रमांकानेच ओळखल्या जातात, आणि घर शोधणाऱ्याला नावापेक्षा क्रमच जास्त उपयोगी पडतो. नाव मुख्य रस्त्याला किंवा बागेला आणि गल्ल्यांना क्रमांक, ही वाटणी लहान वसाहतींना चांगली मानवते.

निकालानंतर निदान पंधरा दिवस हरकतींसाठी ठेवावेत आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे. त्यानंतर ठराव करायचा. जागा महापालिकेची असेल, तर ठरावाची प्रत, नकाशावर खूण केलेली जागा आणि सह्यांची यादी प्रभाग कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी आणि मंजुरी हातात येईपर्यंत फलक रंगवायला टाकू नये. फलकावर फक्त नाव असावे. 'संकल्पना' आणि 'सौजन्य' या शब्दांखालची नावे बागेच्या नावापेक्षा मोठी झाली की मिटलेला वाद नव्याने उभा राहतो.

नाव बदलल्याने घराच्या मालकीला धक्का लागेल, अशी भीती ज्येष्ठ रहिवाशांना हमखास वाटते. मिळकत पत्रिकेवर जागेची ओळख नगर भूमापन क्रमांकाने होते, गल्लीच्या नावाने नाही, हे सभेत कागद दाखवून सांगितले की ती भीती बरीच ओसरते. आधार, वीजबिल, बँक यांवरचा पत्ता सवडीने बदलता येतो. तोवर पत्त्यात नव्या नावापुढे कंसात जुने नाव लिहीत राहावे आणि टपाल कार्यालयाला ठरावाची एक प्रत पोहोचवावी.