आठ तासांची पाळी की बारा तासांची?

गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा बॉयलर रात्रंदिवस पेटता राहतो. त्याच्यापाशी माणूस हवाच. तो आठ तासांनी बदलावा, की बारा तासांनी?

पुष्कळांना वाटते, बारा तासांची पाळी केली म्हणजे तिघांचे काम दोघांत भागते. आपण हिशेब करून पाहू. आठवड्याचे तास 168. एका माणसाने आठवड्यात 48 तास काम करायचे. त्यावरचे ते जादा काम. 168 ला 48 ने भागा. साडेतीन येतात. म्हणजे माणसे चार लागणार, पाळी कोणतीही असो. दोघांतच ओढले, तर एकेकाच्या वाट्याला 84 तास येतात आणि सुटी एकही नाही. याला बचत कशी म्हणावी?

तेव्हा खरा फरक थकव्याचा आहे. बॉयलरातले पाणी काचेच्या नळीत दिसते. त्यावर सारखी नजर ठेवावी लागते. पाणी फार खाली गेले तर आतल्या नळ्या तापून फुटतात. आठ-नऊ तास झाले की नजर चुकू लागते. त्यातून पहाटेची वेळ झोपेचीच. रात्री आठला आलेल्या माणसाचे आठ तास नेमके पहाटे चारला भरतात, आणि पुढे चार तास उरलेलेच असतात. रात्री बाराला आलेल्याचे तेव्हा चारच तास झालेले असतात.

आता बारा तासांची बाजूही सांगतो. आठ तासांत दिवसातून तीनदा चार्ज द्यावा लागतो, बारा तासांत दोनदाच. चार्ज देताना काहीतरी सांगायचे राहते. पंप गळतो आहे हे जाणाऱ्याने सांगितलेच नाही, तर येणाऱ्याला कसे कळावे? म्हणून येणाऱ्याने पंधरा मिनिटे आधी यावे. दोघांनी मिळून काच पाहावी, तिचा कॉक उघडून वाफेने ती साफ करावी, आणि पाणी पुन्हा चटकन वर येते का ते बघावे. वाट तुंबली असेल तर काच खोटे पाणी दाखवते! मग वहीत लिहून दोघांनी सही करावी.

राहिली कामगारांची मर्जी. शेती असलेल्यांना बारा तास आवडतात. आठवड्यात तीन-चार दिवस मोकळे मिळतात. पण मोकळ्या दिवशी नांगर धरला, तर विसावा कुठला? तासाभराच्या वाटेने सायकलवर येणाऱ्याचे जाऊन-येऊन चौदा तास जातात. उरलेल्या दहात जेवण, आंघोळ, झोप. म्हणून चौघांना एकत्र बसवून हात वर करायला सांगू नये. एकेकट्याला विचारावे, आणि रात्रपाळीचे वेगळे विचारावे.

बॉयलरला आठच तास बरे, असे आमचे मत आहे. कामगारांनी बारा मागितले, तर महिनाभर करून पाहावे. प्रत्येक चुकीची वेळ वहीत लिहावी. चुका शेवटच्या तीन-चार तासांत गोळा झालेल्या दिसल्या, तर पुन्हा आठ तासांवर यावे.