प्रगतीचा आकडा आणि व्यवस्थापकाची सही

प्रकल्प व्यवस्थापकाच्या मासिक प्रगती अहवालावर तीन पक्ष विसंबून असतात: पैसे देणारा, काम करणारा आणि पुढे ते काम वापरणारा. पैसे देणारा सहसा कामाच्या जागेवर रोज जात नाही. त्याला दिसतो तो अहवालातला टक्का आणि त्याखालची सही. म्हणूनच या व्यवसायातला नीतीचा सर्वात नेहमीचा पेच या टक्क्याभोवती उभा राहतो. काम मागे पडलेले असते आणि वरून सांगितले जाते की आकडा थोडा चढवून लिहा.

अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही या व्यवसायाची जगभर पसरलेली संस्था आहे. तिची पीएमपी परीक्षा भारतातही अनेक अभियंते आणि आयटी व्यावसायिक देतात. संस्थेची आचारसंहिता जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा या चार मूल्यांवर उभी आहे. त्यातील काही अपेक्षा आदर्श म्हणून सांगितल्या आहेत, तर काही बंधनकारक आहेत. दिशाभूल करणारे विधान, अर्धसत्य, संदर्भ सोडून दिलेली माहिती आणि सांगायला हवी ती गोष्ट लपवणे, या सर्वांना बंधनकारक भागात मनाई आहे. व्यवहारात खोटा अहवाल बहुधा अर्धसत्याच्याच रूपात येतो, हे पुढील प्रश्नातून दिसेल. प्रश्न कल्पित आहे, पण त्यातली परिस्थिती बांधकामात काम करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल.

एका नगरपरिषदेच्या पाणीयोजनेत 40 किलोमीटर जलवाहिनी टाकायची आहे. अंदाजपत्रक 10 कोटी रुपयांचे आणि मुदत 12 महिन्यांची आहे. काम किती झाले हे कसे मोजायचे, ते करारातच ठरले आहे. चर खोदण्याला 30 टक्के, पाईप टाकून जोडण्याला 40 टक्के आणि दाबचाचणी घेऊन चर बुजवण्याला 30 टक्के भार दिला आहे. आठव्या महिन्याच्या अखेरीस 65 टक्के काम व्हायला हवे होते. काम 60 टक्क्यांच्या पुढे गेले की नगरपरिषद दीड कोटींचा हप्ता देणार आहे.

प्रत्यक्षात 28 किलोमीटर चर खोदून झाला आहे, 20 किलोमीटर पाईप टाकून जोडले आहेत आणि 12 किलोमीटरची दाबचाचणी झाली आहे. करारातील भाराप्रमाणे खोदाईचे 21, जोडणीचे 20 आणि चाचणीचे 9 टक्के होतात. म्हणजे एकूण प्रगती 50 टक्के. 10 कोटींच्या कामापैकी 5 कोटींचे काम झाले आहे आणि त्यावर साडेपाच कोटी खर्च झाले आहेत.

या तीन आकड्यांवरून पुढचेही बरेच कळते. झालेल्या कामाच्या किमतीला ठरलेल्या कामाच्या किमतीने भागले, म्हणजे 5 ला 6.5 ने, की 0.77 येतात. व्यवसायात याला एसपीआय म्हणतात. तो एकाहून कमी असला की काम वेळापत्रकाच्या मागे आहे. 5 ला प्रत्यक्ष खर्चाने, म्हणजे 5.5 ने भागले की 0.91 येतात. हा सीपीआय. तो सांगतो की खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे 91 पैशांचेच काम झाले आहे. खर्चाचा हाच वेग राहिला तर 10 कोटींचे काम 11 कोटींवर जाईल आणि कामाचा हाच वेग राहिला तर 12 ऐवजी 16 महिने लागतील.

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी कंत्राटदार कंपनीचे संचालक व्यवस्थापकाला बोलावून घेतात. “35 किलोमीटरचे पाईप साइटवर येऊन पडलेत ना? मग ते जोडणीत धरा. पुढच्या महिन्यात सगळं भरून काढू. हप्ता अडकला तर मजुरांचे पगार कुठून द्यायचे?” जोडणीच्या रकान्यात 20 ऐवजी 35 किलोमीटर लिहिले की त्या भागाचे 20 ऐवजी 35 टक्के होतात आणि एकूण बेरीज बरोबर 65 येते. काम वेळापत्रकाप्रमाणे चालले आहे असे कागदावर दिसते.

यातला प्रत्येक सुटा तपशील खरा आहे. पाईप खरोखर आले आहेत, त्यांची बिले आहेत आणि कोणीही जाऊन ते मोजू शकतो. खोटेपणा आकड्यात नाही, तो मोजण्याच्या पद्धतीत आहे. टाकून जोडलेला पाईप मोजायचे ठरले होते आणि येऊन पडलेला पाईप मोजला गेला. मोजणीचा नियम बदलला, पण अहवालात तसे कुठेही लिहिले नाही. ‘भरून काढू’ हा भरवसाही तपासून पाहावा लागतो. आतापर्यंत महिन्याला सरासरी सव्वासहा टक्के काम झाले आहे. पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट 75 टक्के असेल, तर खरे काम 56 टक्क्यांच्या आसपास पोहोचेल. आज 15 टक्क्यांची असलेली तफावत तेव्हा 19 टक्क्यांची होईल आणि ती झाकायला आणखी मोठे खोटे लागेल.

परीक्षेत अशा प्रश्नाखाली साधारणपणे चार पर्याय असतात. पहिला, वरिष्ठांचे ऐकून 65 टक्के लिहिणे. दुसरा, जादा पाळ्या लावून काम वाढवणे आणि या महिन्याचा अहवाल मोघम ठेवणे. तिसरा, संचालकांशी न बोलता थेट नगरपरिषदेकडे तक्रार करणे. चौथा, करारातील पद्धतीने आलेला आकडा संचालकांसमोर ठेवून तोच अहवालात देणे आणि सोबत सुधारणेची योजना मांडणे. पहिला पर्याय चूक आहे हे उघड आहे. दुसरा अनेकांना फसवतो, कारण त्यात मेहनत दिसते. पण मोघम अहवाल म्हणजे माहिती लपवणेच. तिसऱ्यात धैर्य असले तरी क्रम चुकतो. संचालकांनी अजून फक्त सूचना केली आहे. तिचे परिणाम समजावून सांगण्याची पहिली संधी त्यांना मिळायला हवी. उत्तर चौथे आहे.

त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते. आधी व्यवस्थापक आपलाच आकडा तपासतो. मोजमाप पुस्तकातील नोंदी, ज्याला साइटवर एमबी म्हणतात, आणि दाबचाचणीच्या नोंदी तो प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहतो. मग तो संचालकांशी समोरासमोर बोलतो आणि बोलण्याचा सारांश लेखी पाठवतो. संचालकांची खरी अडचण रोख पैशांची आहे, हे लक्षात घेतले तर प्रामाणिक मार्गही सापडू शकतो. अनेक सरकारी कंत्राटांत साइटवर आणलेल्या मालावर अग्रिम रक्कम मागण्याची तरतूद असते, तिला सिक्युअर्ड अॅडव्हान्स म्हणतात. या करारात ती असेल तर त्याच पाईपांवर उघडपणे पैसे मागता येतात. पाईप तेच आणि मागणी पैशांचीच, फक्त नगरपरिषदेला ठाऊक असते की ती कशासाठी पैसे देत आहे.

अहवालात मग 50 टक्के ही प्रगती, मागे पडण्याची कारणे, 35 किलोमीटरचे पाईप साइटवर असल्याची वेगळी नोंद आणि सुधारित अंदाज येतो. इथे एक फरक पाळावा लागतो. झालेले काम मोजायचे असते, तिथे आशावादाला जागा नाही. उरलेल्या कामाचा अंदाज मात्र आशावादी असू शकतो, पण त्यामागचे कारण लिहिले पाहिजे. ‘दुसरी तुकडी लावल्यास 14 महिन्यांत काम संपेल’ हे विधान प्रामाणिक आहे, कारण वाचणारा त्यातली अट तपासू शकतो. एवढे करूनही संचालकांनी आकडा बदलून पाठवला, तर व्यवस्थापक त्यावर सही करत नाही. तो कंपनीतील त्यांच्या वरच्या पातळीवर किंवा अनुपालन विभागाकडे विषय नेतो. गरज पडली तर ज्यांचे नुकसान होणार आहे त्यांना कळवण्याची वाटही संहितेने ठेवली आहे, मात्र त्यासाठी हाती पुरावा असावा लागतो.

याच प्रश्नाला परीक्षेत अनेकदा दुसरे वळण दिले जाते. दुसऱ्या तुकडीसाठी दरपत्रके मागवली जातात आणि त्यातले एक व्यवस्थापकाच्या मेहुण्याच्या फर्मचे निघते. दर सर्वात कमी आहे आणि काम चांगले असल्याची ख्याती आहे. तरीही हा हितसंबंधांचा संघर्ष आहे. त्यासाठी लाच किंवा वाईट हेतू लागत नाही, निर्णय घेणाऱ्याचे दुसरे नाते त्या निर्णयात गुंतलेले असले की पुरे. गप्प राहून मेहुण्याला काम देणे चूक आहे. कोणी बोट दाखवू नये म्हणून गुपचूप त्याचे दरपत्रक बाजूला काढणेही चूकच, कारण त्यात कंपनीचे नुकसान होऊ शकते आणि त्या फर्मवर अन्याय होतो. संहितेप्रमाणे व्यवस्थापक नाते लेखी जाहीर करतो आणि निवडीतून बाहेर पडतो. संबंधितांना पूर्ण माहिती दिल्यावर, उपाययोजना मंजूर झाल्यावर आणि त्यांची संमती मिळाल्यावरच तो पुन्हा त्या निर्णयात भाग घेऊ शकतो. मेहुण्याच्या फर्मला काम मिळाले तर तिच्या कामाची मोजमापे दुसऱ्या अभियंत्याने घ्यावीत, ही अशीच एक उपाययोजना.

वर चढवलेला आकडा किती दूरवर जाऊ शकतो, हे अमेरिकी नौदलाच्या ए-12 या विमानाच्या प्रकल्पात दिसले. रडारला सहज न दिसणारे हे हल्ल्याचे विमान विकसित करण्याचे कंत्राट 1988 मध्ये मॅक्डोनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स या कंपन्यांना मिळाले. एप्रिल 1990 मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी अमेरिकी संसदेसमोर या प्रकल्पाच्या बाजूने साक्ष दिली. जूनमध्ये कंपन्यांनी नौदलाला कळवले की वेळापत्रक पाळता येणार नाही आणि खर्च ठरलेल्या कमाल मर्यादेपलीकडे जाईल. त्यानंतर नौदलाने नेमलेल्या चौकशीत आढळले की खर्चाच्या आकडेवारीत धोक्याची चिन्हे आधीच दिसत होती, पण वरच्या पातळीवर पोहोचलेले चित्र त्याहून आशादायक होते. चांगली बातमीच वर पाठवण्याचा दबाव हे चौकशीने सांगितलेले एक मुख्य कारण होते. जानेवारी 1991 मध्ये चेनी यांनी प्रकल्प रद्द केला. कंपन्या आणि सरकार यांच्यातला खटला 2014 मध्ये तडजोडीने मिटला.

अहवाल वाचणाऱ्यालाही चढवलेला आकडा ओळखता येतो. काम 90 टक्क्यांपर्यंत झपाट्याने जाते आणि मग महिनोन्महिने तिथेच अडकते. टक्का नेमका हप्त्याच्या अटीइतका किंवा उद्दिष्टाइतका येतो. खर्च आणि प्रगती यांचा मेळ बसत नाही. खोदाई व जोडणी वाढत जाते, पण चाचणी झालेली लांबी हलत नाही. अशा वेळी टक्का बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा: किती किलोमीटर वाहिनीची दाबचाचणी झाली आणि तिची नोंद कुठे आहे? या प्रश्नाचे उत्तर साइटवर जाऊन पडताळता येते.