PS4 ला कीबोर्ड-माऊस जोडायचाय? ॲडॉप्टर घेण्याआधी हे वाचा

माणमधल्या आमच्या फ्लॅटवर रूममेटचा PS4 स्लिम आहे. मी लहानपणापासून सायबर कॅफेत माऊसवर गेम खेळलेला माणूस, त्यामुळे कंट्रोलरच्या काडीने नेम धरायचा म्हटलं की माझा हात गडबडतो. शेवटी एक स्वस्तातला ॲडॉप्टर मागवला. कीबोर्ड-माऊस त्यात, ॲडॉप्टर कन्सोलमध्ये, झालं काम, असं वाटलं होतं. पण माऊस चिखलात फिरवल्यासारखा चालायला लागला. सावकाश हलवला तर नेम जागचा हलेना, आणि झटका दिला तर कॅमेरा अर्ध्यातच थांबायचा.

आधी मला वाटलं वस्तूच खराब आली. पण खरी अडचण वेगळी होती.

माऊस कन्सोलला सांगतो, 'मी इतका सरकलो'. कंट्रोलरची काडी सांगते, 'मी इतकी कललेय, त्या वेगाने कॅमेरा फिरव'. म्हणजे एक अंतर सांगतो, दुसरी वेग सांगते. ॲडॉप्टर गेमला सांगतो की इथे कंट्रोलरच लावलाय. तुमच्या माऊसचा वेग बघून तो काडीचा खोटा कल तयार करून पाठवतो.

आता हिशोब बघा. समजा, एखाद्या गेममध्ये काडी पूर्ण कलली तरी कॅमेरा सेकंदाला जास्तीत जास्त 180 अंश फिरतो. तुम्ही 0.1 सेकंदात 90 अंश वळण्यासाठी माऊसला झटका दिला. त्यासाठी सेकंदाला 900 अंशांचा वेग हवा. गेम देणार 180 चाच. म्हणजे त्या 0.1 सेकंदात कॅमेरा फक्त 18 अंश वळला, उरलेले 72 अंश गेले वाया. माऊस कितीही भारी असो, ही मर्यादा गेमची आहे. म्हणून ॲडॉप्टर वापरणारे गेममधली Sensitivity सगळ्यात वर नेतात, म्हणजे निदान छत तरी उंच होतं, आणि मग वेग ॲडॉप्टरच्या सेटिंगमधून कमी करतात.

सावकाश हलवल्यावर नेम का हलत नव्हता? तर डेडझोनमुळे. काडी मध्यापासून थोडी सरकली तरी गेम तिकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो, नाहीतर जुन्या कंट्रोलरवर कॅमेरा आपोआप सरकत राहील. माऊसची बारीक हालचाल नेमकी त्याच पट्ट्यात अडकते. गेममध्ये Deadzone कमी करता येत असेल तर करा. एवढं केल्यावर माझा ॲडॉप्टर बराच सुधारला, पण कॅफेतला माऊस काही तो झाला नाही!

अजून एक. PS4 कंट्रोलर खरा आहे की नाही हे तपासतो, त्यामुळे ओरिजनल कंट्रोलर बऱ्याचदा केबलने ॲडॉप्टरला जोडून ठेवावा लागतो. नाहीतर थोड्या वेळाने जोडणी तुटते. आणि PS5 चे गेम PS4 चा कंट्रोलर घेतच नाहीत, म्हणून 'PS4 वर चालतो' एवढं ऐकून PS5 साठी ॲडॉप्टर घेऊ नका.

गंमत म्हणजे मला ज्या गेमसाठी हे सगळं हवं होतं, तो फोर्टनाइट! त्याला ॲडॉप्टर लागतच नाही. PS4 स्लिमला पुढे दोन USB पोर्ट असतात. एकात साधा कीबोर्ड, दुसऱ्यात माऊस, बस. कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनही थेट घेतो, फक्त सेटिंगमध्ये Input Device बदलावं लागतं. फायनल फँटसी 14 घेतो. एक्सबॉक्सवर नोव्हेंबर 2018 पासून ही सोय आहे, पण ती गेममध्ये द्यायची की नाही हे गेम बनवणारे ठरवतात.

तपासायची पद्धत सोपी. कीबोर्ड-माऊस थेट कन्सोलला लावा, गेम सुरू करा, एखादं बटण दाबा. स्क्रीनवरच्या सूचनांमध्ये चौकोन-त्रिकोणाऐवजी E, F अशी अक्षरं दिसली किंवा सेटिंगमध्ये कीबोर्ड-माऊसचा वेगळा टॅब दिसला, तर गेम घेतो. फक्त मेनूमध्ये कीबोर्ड चालतोय म्हणून फसू नका, ते कन्सोलचं काम आहे, गेमचं नाही.

थेट जोडलं की गेमला कळतं तुम्ही माऊसवर आहात. फोर्टनाइट तर तुम्हाला मग पीसीवाल्यांसोबत टाकतो. पहिल्या संध्याकाळी मी दर डावात सुरुवातीलाच मरत होतो, पण सामना बरोबरीचा होता.

ॲडॉप्टरमध्ये हेच लपवलं जातं, आणि वर काडीवाल्यांना मिळणारी नेम धरण्याची मदतही मिळते. म्हणून ऑनलाइन गेम आता मागे लागलेत. रेनबो सिक्स सीजने 2023 मध्ये 'माऊसट्रॅप' आणलं. ॲडॉप्टर सापडला की ते तुमचं बटण मुद्दाम उशिरा पोचवतं. काही गेम सरळ बॅन करतात. स्किन्सवर पैसे घातलेलं अकाउंट असेल तर ऑनलाइन ॲडॉप्टर लावूच नका. माझा आता फक्त एकट्याने खेळायच्या गेमसाठी वापरतो, तोही रूममेटने कंट्रोलर दिला तर.