रोज बंद पडणारं अ‍ॅप

हेरोकू या क्लाउड सेवेवर अ‍ॅप ज्या कप्प्यात चालतं, त्याला ‘डायनो’ म्हणतात. हा डायनो साधारण दिवसातून एकदा आपोआप बंद होऊन नव्याने सुरू होतो. आधी प्रोग्रामला `SIGTERM` हा इशारा मिळतो. 30 सेकंदांत त्याने आवरतं घेतलं नाही, तर `SIGKILL` त्याला जागीच थांबवतो. डायनोच्या डिस्कवर लिहिलेलंही पुसलं जातं.

हेरोकूचे सहसंस्थापक अ‍ॅडम विगिन्स यांनी मांडलेली ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ ही बारा तत्त्वं अशाच अनुभवातून आली.

समजा, एका दुकानाचं अ‍ॅप ग्राहकाची खरेदीची टोपली प्रोसेसच्या मेमरीत ठेवतं. एकच डायनो असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. गर्दी वाढून दोन झाले, की पुढची विनंती दुसऱ्याकडे जाते आणि टोपली रिकामी! ती रेडिससारख्या बाहेरच्या साठ्यात ठेवली, तर कुठलाही डायनो कधीही बंद पडू शकतो.

इशारा मिळताच प्रोसेसने नवं काम नाकारावं, हातातलं संपवावं. न संपणारं रांगेत परत टाकावं. मात्र ते दुसऱ्यांदा चाललं तरी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाता कामा नयेत.

लॉगही डिस्कवर नको, नाहीतर बिघाडाचा पुरावा डायनोबरोबरच जातो. प्रत्येक नोंद `stdout` वर लिहायची. गोळा करणं प्लॅटफॉर्मचं काम.

डेटाबेसचा पत्ता-पासवर्ड कोडमध्ये न लिहिता `DATABASE_URL` सारख्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतात. कसोटी सोपी आहे: आत्ता कोड जगजाहीर केला, तर एखादं गुपित फुटेल का? अर्थात हे व्हेरिएबल क्रॅश रिपोर्टमधूनही बाहेर पडू शकतात, म्हणून अनेक टीम पासवर्ड वेगळ्या तिजोरी-सेवेत ठेवतात.