काना आणि वेलांटीचा फरक

थायरॉईड म्हटले की आपल्याकडे अंग सुटणे आठवते. पण ही गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, तर उलटे घडते. भूक चांगली असूनही माणूस वाळत जातो, हात थरथरतात, छातीत धडधडते. ती ग्रंथी आवरणारे औषध म्हणजे कार्बिमाझोल. आणि फिट्स येऊ नयेत म्हणून देतात ते कार्बामाझेपिन. ही दोन नावे एकदा मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे पुढची हकीकत लगेच ध्यानात येईल.

आमच्या ओळखीचे एक फार्मासिस्ट तालुक्याच्या गावी रुग्णालयाशेजारच्या दुकानात रात्रपाळी करतात. त्यांनी मला सांगितलेली ही गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास एक तरुण चिठ्ठी घेऊन आला. त्याच्या बायकोला संध्याकाळी दाखल केले होते. चिठ्ठीवर दोन औषधे होती. दुसरे स्पष्ट होते, प्रोप्रॅनोलॉल. पहिल्याची सुरुवातीची चार अक्षरे वाचता येत होती, पुढे नुसती रेघ ओढलेली. त्यापुढे दहा मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा.

दुकानातल्या मुलाने फळीवरून पट्टी काढली आणि विचारले, "काका, दहाची नाही, दोनशेची आहे. देऊ का?"

या एका प्रश्नाने फार्मासिस्ट उठून आले. मुलाच्या हातात कार्बामाझेपिन होते. ही गोळी शंभर, दोनशे, चारशे मिलिग्रॅममध्ये मिळते, दहाची मिळतच नाही. कार्बिमाझोल मात्र पाच, दहा, वीसमध्ये मिळते. म्हणजे दहाची गोळी संपलेली नव्हती. हातात औषधच दुसरे होते. शिवाय सोबतचे प्रोप्रॅनोलॉल छातीतली धडधड आणि हाताचा कंप कमी करते. थायरॉईडच्या या आजारात सुरुवातीला ते बहुधा जोडीला असतेच.

तरीही त्यांनी अंदाजावर औषध दिले नाही. "दादा, वहिनींना फिट आली होती का?" त्यांनी विचारले.

"नाही हो काका. छातीत धडधडतंय, वजन उतरलंय. गळ्याचा त्रास आहे म्हणाले डॉक्टर."

मग त्यांनी वॉर्डात फोन लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडून औषधाचे पूर्ण नाव, ताकद आणि आजार, तिन्ही वदवून घेतले. उत्तर आले, कार्बिमाझोल. पट्टी बदलली गेली. या साऱ्याला पाच मिनिटे लागली.

ती पट्टी तशीच गेली असती तर? त्या बाईला दिवसाला सहाशे मिलिग्रॅम फिट्सचे औषध एकदम सुरू झाले असते. हे औषध थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवायचे असते. गुंगी, चक्कर, तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, काहींना अंगावर गंभीर पुरळ, असा त्रास झाला असता. आणि मूळ आजार तसाच वाढत राहून हृदयाची लय बिघडण्याचा धोका होता. अदलाबदल उलट झाली, तर फिट्सच्या रुग्णाचे संरक्षण जाते आणि फिट पुन्हा येऊ शकते.

अशी चूक होते कशी? गोळ्या इंग्रजी वर्णक्रमाने लावल्या की ही दोन नावे शेजारी येतात. रात्री डोळे जड असतात, अक्षर घाईचे असते, आणि सवयीचे नाव डोळ्यांना आधी दिसते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही औषधे वेगळ्या फळ्यांवर हलवली.

पण ताकदीचा आकडा दरवेळी वाचवत नाही. हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर, आणि पंचवीस मिलिग्रॅमची गोळी दोन्हींची मिळते. तिथे "त्रास काय आहे?" हा प्रश्नच कामी येतो.

म्हणून वाचकहो, औषध कशासाठी आहे ते डॉक्टरांना विचारून ठेवा आणि दुकानात सांगा. पट्टीवरचे नाव आणि आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. आकडा जुळत नसेल, तर "तेच आहे, घ्या" एवढ्यावर पैसे देऊ नका; डॉक्टरांना विचारायला लावा. घरी आल्यावर संशय आला, तर गोळी घेण्याआधी पट्टी परत दाखवा. कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ताप येऊन घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी फार कमी होतात आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.